फोटोतली आकृती, एक बॅटरी आणि तीन रेझिस्टर: आकडेमोडीच्या आधी काय वाचायचं?

एक बॅटरी, तीन रेझिस्टर. करंट किती आणि कुठल्या रेझिस्टरवर किती व्होल्टेज पडतं ते काढा. दहावीतला प्रश्न आहे, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला तो येतो. मलाही येत होता. तरी मागच्या वर्षी याच प्रश्नात मी जवळपास एक फोटोडायोड जाळायच्या बेतात होते, कारण प्रश्न पुस्तकातून आला नव्हता, मोबाईलवर काढलेल्या एका फोटोतून आला होता.

रिसर्चला लागलात की सर्किट असेच तुमच्याकडे येतात. छापील, स्वच्छ आकृती क्वचित मिळते. बहुतेक वेळा आधीच्या कुणाच्या तरी वहीचं पान असतं, तिरकं, अर्धं सावलीत, आणि वर "हे बघ, सोपं आहे" एवढाच मेसेज. म्हणून आज ते एकच पान घेऊन बसू.

आमच्या लॅबमध्ये सीनियरनं बनवलेली एक छोटी डबी होती. ९ व्होल्टची बॅटरी आत, बाहेर एक आउटपुट. ते आउटपुट फोटोडायोडला उलट्या दिशेनं द्यायचं, म्हणजे रिव्हर्स बायस. आमच्या डायोडला ६ व्होल्टच्या वर द्यायचं नव्हतं. मला तशीच दुसरी डबी बनवायची होती. जुन्या डबीतले तिन्ही रेझिस्टर काळ्या श्रिंक ट्यूबमध्ये गुंडाळलेले, त्यामुळे रंगाचे पट्टे दिसत नव्हते. सीनियर पोस्टडॉकसाठी परदेशात. त्यानं जुन्या वहीचा फोटो पाठवला.

फोटोत काय होतं ते सांगते, सोबत कागदावर काढत चला. वर मध्यभागी बॅटरी, शेजारी ९ लिहिलेलं. खाली एका आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडे R1, R2, R3. बॅटरीच्या लांब रेघेकडून, म्हणजे धन टोकाकडून, तार डावीकडे जाऊन खाली उतरते आणि R1 च्या डाव्या टोकाला लागते. आखूड रेघेकडून दुसरी तार सरळ खाली येते आणि R2 व R3 यांच्या मधल्या बिंदूला लागते. आणखी एक तार आहे: R1 आणि R2 यांच्या मधून निघून थोडी वर जाते, उजवीकडे वळते आणि R3 च्या उजव्या टोकाला येऊन मिळते. अर्थातच ही तार बॅटरीकडून खाली आलेल्या तारेला आडवी छेदते. आणि नेमक्या त्या छेदावर फोटोत एक काळपट ठिपका दिसत होता.

किमती: R1 पाशी 1k, R3 पाशी 3.3k, आणि R2 पाशी 22k किंवा 2.2k. मधे टिंब आहे की कागदाचा दाणा आहे, हे झूम करूनही कळेना.

आता पहिला मोह कोणता होतो? तिघे एका ओळीत दिसतात, म्हणून सिरीज. शाळेत ज्याला एकसर जोडणी म्हणायचो ती. R2 ला २.२ धरलं तर बेरीज ६.५ किलोओहम, करंट ९ भागिले ६.५, म्हणजे १.३८ मिलिअँपिअर. (व्होल्टला किलोओहमनं भागलं की उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये येतं, शून्यं मोजत बसायची गरज नाही.) गणित बरोबर, उत्तर साफ चूक. एका ओळीत काढणं आणि सिरीजमध्ये जोडणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आहेत असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा त्यांच्या मधल्या बिंदूतून तिसरं काहीच फुटत नाही. इथे R1 आणि R2 च्या मधून एक तार फुटते, R2 आणि R3 च्या मधूनही फुटते. म्हणजे या ओळीतली एकही जोडी सिरीजमध्ये नाही.

फोटोनं आकृतीचं काय काय बिघडतं ते बघा. रेघांची लांबी बदलते, काटकोन तिरके होतात, पान उलटं असेल तर डावं-उजवं बदलतं. यातल्या एकाही गोष्टीला सर्किटमध्ये अर्थ नाही. आकृतीतल्या तारेचा रोध आपण शून्य धरतो, तेव्हा ती दोन सेंटिमीटर असो की वीस, तिच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज तेच. अर्थ फक्त कोण कोणाला जोडलंय याला आहे. त्यामुळे वाईट फोटोतूनही सर्किट वाचता येतं, पण वाचायचं ते जोडणीचं, दिसण्याचं नाही.

त्यासाठी मी अजूनही लहान मुलांसारखं रंगकाम करते. फोन फोटोवर रंगीत रेघ मारू देतो, तेवढं पुरे. बॅटरीच्या धन टोकापासून लाल रंगानं तार रंगवायला घ्या आणि एखादा घटक, म्हणजे रेझिस्टर किंवा बॅटरी, आडवा येईपर्यंत थांबू नका. तार फुटत असेल तर सगळ्या फाट्या रंगवा. घटक लागला की थांबा. त्याच्या पलीकडे दुसरा रंग. सारख्या रंगाचं सगळं मिळून एकच बिंदू, इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत एक नोड.

आपल्या पानावर लाल रंग बॅटरीपासून R1 च्या डाव्या टोकापर्यंत जाऊन संपतो. R1 च्या उजवीकडून निळा घ्या: तो R2 च्या डाव्या टोकाला लागतो आणि वरून वळसा घेऊन R3 च्या उजव्या टोकालाही लागतो. उरलेला हिरवा: R2 चं उजवं टोक, R3 चं डावं टोक आणि बॅटरीचं ऋण टोक. छेदावरचा ठिपका जोड नाही असं तूर्त धरलंय, त्याच्याकडे येऊच. लाल नोडला अ, निळ्याला ब आणि हिरव्याला क म्हणू. मग चार ओळी लिहायच्या:

बॅटरी: अ आणि क
R1: अ आणि ब
R2: ब आणि क
R3: क आणि ब

एवढं लिहून झालं की फोटो बाजूला ठेवला तरी चालतो, सगळं सर्किट या चार ओळींत आलं. R2 आणि R3 दोघांची टोकं त्याच दोन नोडवर आहेत, म्हणजे ते समांतर, पॅरलल. आणि ती जोडी R1 च्या पुढे सिरीजमध्ये. आता स्वतःच्या हातानं नवीन आकृती काढा, R2 आणि R3 शेजारी-शेजारी उभे करून. ही आकृती बघितल्यावर कुणीच चुकणार नाही.

गणित मग चटकन होतं. R2 ला २.२ किलोओहम धरू. पॅरलल जोडीचा रोध:

(२.२ × ३.३) ÷ (२.२ + ३.३) = ७.२६ ÷ ५.५ = १.३२ किलोओहम

एकूण रोध १ + १.३२ = २.३२ किलोओहम. बॅटरीतून निघणारा करंट ९ ÷ २.३२ = ३.८८ मिलिअँपिअर. हा सगळा करंट R1 मधूनच जातो, म्हणून R1 वर ३.८८ व्होल्ट पडतात. उरलेले ५.१२ व्होल्ट ब आणि क यांच्यामध्ये, आणि ते R2 वरही तेवढेच, R3 वरही तेवढेच. R2 मधून ५.१२ ÷ २.२ = २.३३ मिलिअँपिअर, R3 मधून ५.१२ ÷ ३.३ = १.५५ मिलिअँपिअर.

पडताळणी दोन ठिकाणी करायची, आणि दोन्ही किर्चहॉफचे नियम आहेत, जे त्यानं १८४५ साली क्योनिग्सबर्गला विद्यार्थी असतानाच मांडले. नोडवर आत आलेला करंट तेवढाच बाहेर जातो: २.३३ + १.५५ = ३.८८, जुळलं. आणि बंद वाटेनं फिरून आलं की व्होल्टेजची बेरीज बॅटरीएवढी: ३.८८ + ५.१२ = ९, जुळलं. पण एक लक्षात घ्या. ही पडताळणी तुमची आकडेमोड तपासते, तुमचं वाचन तपासत नाही. वरचं सिरीजवालं चुकीचं उत्तर घेतलं तरी त्याच्या तिन्ही व्होल्टेजची बेरीज ९ च येईल. चुकीच्या सर्किटचं बरोबर उत्तर किर्चहॉफ आनंदानं पास करतो.

एक गंमत आकृतीत परत जाऊन बघा. ब चं व्होल्टेज क पेक्षा जास्त, म्हणून करंट ब कडून क कडे. R2 मध्ये तो डावीकडून उजवीकडे जातो, आणि R3 मध्ये उजवीकडून डावीकडे! एकाच ओळीत शेजारी बसलेले दोन रेझिस्टर आणि दोघांत करंट उलटसुलट. ज्यानं ओळ बघून एक लांब बाण मारला, त्याचं इथेच चुकतं.

बॅटरीची लांब आणि आखूड रेघ फोटोत सारखीच दिसली तर? एकच बॅटरी असेल तर फार घाबरायचं कारण नाही. धन-ऋण उलट धरलं तर सगळ्या करंटची दिशा उलटते, पण आकडे तेच राहतात. (डायोडला मात्र दिशेनं फरक पडतो, तेव्हा डबीवरची खूण बघितल्याशिवाय तो लावू नये.) दोन बॅटऱ्या असत्या तर ही चूक आकडेही बदलून गेली असती.

आता खऱ्या अडचणींकडे येऊ. छेदावरचा ठिपका आणि हरवलेलं टिंब.

दोन तारा एकमेकींना छेदतात आणि तिथे ठिपका असतो, तेव्हा त्या जोडलेल्या असतात. ठिपका नसेल तर एक तार दुसरीच्या वरून गेली असं मानायचं. हाच ठिपका खरा असेल तर ब आणि क एकच नोड होतात. मग R2 ची दोन्ही टोकं एकाच नोडवर, R3 चीही. त्यांच्यावर शून्य व्होल्ट, त्यांच्यातून शून्य करंट, आणि सगळे ९ व्होल्ट एकट्या R1 वर. करंट ९ मिलिअँपिअर. शाईच्या एका थेंबानं ३.८८ चे ९ झाले आणि आउटपुट ५.१२ वरून शून्यावर आलं.

मी स्वतःशी म्हटलं, दोन रेझिस्टर निकामी होतील असं कोण कशाला काढेल? हा तर्क वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. परीक्षेत तर मुद्दाम असं काढतात. त्याहून बरी खूण म्हणजे त्याच पानावर बाकीचे जोड कसे काढलेत ते बघणं. सीनियरनं ब आणि क वर, जिथे तीन तारा मिळतात तिथे, छोटे, गोल, भरीव ठिपके दिले होते. छेदावरचा डाग त्यांच्यापेक्षा मोठा, फिकट आणि कडेला पसरलेला होता. म्हणजे बहुधा जोड नाही. पण "बहुधा" वर सोल्डरिंग करायचं नसतं.

टिंबाचं प्रकरण त्याहून अवघड. २.२ किलोओहमही बाजारात मिळतो, २२ किलोओहमही मिळतो, त्यामुळे "अशी किंमतच नसते" म्हणून एक पर्याय कापता येत नाही. २२ धरून गणित केलं तर पॅरलल जोडी २.८७ किलोओहमची होते, एकूण ३.८७, करंट २.३३ मिलिअँपिअर आणि आउटपुट ६.६७ व्होल्ट. डायोडची मर्यादा ६ ची! फोटो बघून मी पहिल्यांदा २२ च वाचलं होतं, आणि ड्रॉवरमधून २२ किलोओहम काढूनही ठेवला होता. नेमकी याच कारणासाठी जुनी इलेक्ट्रॉनिक्सची माणसं 2.2k न लिहिता 2k2 लिहितात. टिंब झेरॉक्समध्ये जातं, फोटोत जातं. अक्षर सहसा जात नाही.

तर माझ्याकडे एकाच फोटोची चार वाचनं होती. ती नुसती बघत बसण्यापेक्षा मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: R1 वर बॅटरीच्या किती हिस्सा व्होल्टेज पडेल? भागाकार का, तर बॅटरी जुनी होती. खरोखर ९ व्होल्ट असतील याची खात्री नव्हती. भागाकारात बॅटरीचा आकडा निघून जातो आणि फक्त रेझिस्टरचं नातं उरतं.

तिघे सिरीजमध्ये: १ ÷ ६.५ = ०.१५
छेदावर जोड आहे: १
जोड नाही, R2 = २२: १ ÷ ३.८७ = ०.२६
जोड नाही, R2 = २.२: १ ÷ २.३२ = ०.४३

चार आकडे एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून साधा मल्टिमीटरही निवाडा देऊ शकतो. पण आकडे जवळ आले असते, तर आधी रेझिस्टरची टॉलरन्स बघावी लागली असती. सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर ५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो. R1 पाच टक्के कमी आणि बाकीचे दोघे पाच टक्के जास्त निघाले, किंवा नेमकं उलट, तर ०.४३ चा आकडा साधारण ०.४१ ते ०.४६ च्या मधे कुठेही पडू शकतो. ०.२६ शी गल्लत व्हायचा प्रश्नच नाही.

डायोड काढून ठेवला, जुनी डबी उघडली आणि मीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर, सर्किट चालू असताना, ८.७४ व्होल्ट. R1 वर ३.७९. ब आणि क मध्ये ४.९५. आधी बेरीज: ३.७९ + ४.९५ = ८.७४, म्हणजे मीटरची टोकं नीट बसलीत. मग भागाकार: ३.७९ ÷ ८.७४ = ०.४३. चौथं वाचन बरोबर, बाकी तिन्ही बाद. २२ किलोओहम परत ड्रॉवरमध्ये गेला.

बॅटरी चालू असताना मोजली हे महत्त्वाचं. बॅटरीला स्वतःचा थोडा अंतर्गत रोध असतो आणि करंट वाहायला लागला की तिचं व्होल्टेज थोडं खाली येतं. जुनी बॅटरी जास्त. वेष्टनावरचा ९ हा आकडा फक्त नाव आहे असं समजा. ८.७४ घेऊन परत गणित केलं तर करंट ३.७७ मिलिअँपिअर आणि ब वर ४.९७ व्होल्ट यायला हवेत. मोजले ४.९५. एवढा फरक ५ टक्क्यांच्या रेझिस्टरमध्ये सहज मावतो.

करंट मोजायला मी सर्किट तोडून अॅमीटर घातला नाही. R1 वर ३.७९ व्होल्ट आहेत आणि तो १ किलोओहमचा आहे, म्हणजे करंट ३.७९ मिलिअँपिअरच्या आसपास. ओळखीचा रेझिस्टर सर्किटमध्ये असला की तोच तुमचा अॅमीटर, फक्त त्याच्या टॉलरन्सएवढी चूक पोटात घालायची.

ओहममीटर थेट R2 वर लावून २.२ की २२ हे का नाही बघितलं, असं एका ज्युनियरनं विचारलं. बॅटरी काढून लावता येतो (बॅटरी असताना कधीच नाही, आकडा खोटा येतो आणि मीटरलाही धोका). पण R2 च्या दोन टोकांवर R3 पण बसलाय. मीटरला ते वेगळे दिसत नाहीत, तो १.३२ किलोओहम दाखवणार. ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल, "अरे, हा तर १.३२ चा रेझिस्टर आहे!" ज्याला माहीत आहे तो १.३२ वरून उलटं गणित करून R2 शोधेल. R2 २२ चा असता तर तिथे २.८७ दिसले असते.

आणि हीच डबी कुणी किलोओहमऐवजी मेगाओहममध्ये बनवली, म्हणजे १, २.२ आणि ३.३ मेगाओहम, तर कागदावर व्होल्टेज तेच ५.१२. पण मोजायला गेलात की फसाल. साधारण डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो, आणि तो ब आणि क मध्ये चौथ्या रेझिस्टरसारखा जाऊन बसतो. ५.१२ च्या जागी ४.८४ च्या आसपास दिसतील. तिथे गणित बरोबर असतं, रेझिस्टरही बरोबर असतात, फक्त मोजताना सर्किट बदललेलं असतं. आमच्या १.३२ किलोओहमपुढे १० मेगाओहम म्हणजे काहीच नाही, म्हणून इथे तो त्रास झाला नाही.

दोन दिवसांनी सीनियरचा फोन आला. मी विचारलं, "दादा, त्या क्रॉसिंगवर जोड होता का?"

"कुठल्या क्रॉसिंगवर? अगं, तो चहाचा डाग आहे."

"आणि R2?"

"दोन पॉइंट दोन. टिंब दिलंय की मी!"

नवीन डबीच्या झाकणाच्या आत मी स्वतः काढलेली आकृती चिकटवली आहे. R2 आणि R3 शेजारी उभे, अ, ब, क लिहिलेले, किमती 1k, 2k2, 3k3, आणि खाली त्या दिवशी मीटरवर दिसलेले तीन आकडे, तारखेसकट.